जुनी पीएफ खाती, झोपलेली बँक खाती आणि विसरलेल्या पॉलिसी: आवरायला घेताना क्रम चुकवू नका

पसारा आवरायला बसलेला माणूस बहुतेक वेळा बँकेपासून सुरुवात करतो. शाखा घराजवळ असते, फॉर्म एक पानाचा असतो आणि खातं बंद झालं की काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं. दोन महिन्यांनी कळतं की पीएफच्या नोंदीत तेच खातं होतं, एलआयसीचे पैसेही त्याच खात्यावर येणार होते. मग पैसे परत जातात आणि पुन्हा सगळे अर्ज भरावे लागतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी यादी, मग नाव, मग पीएफ, मग पॉलिसी, आणि बँक सर्वांत शेवटी. माझ्या मावसबहिणीचं प्रकरण आम्ही दोघांनी मिळून याच क्रमाने सोडवलं. तिचंच उदाहरण सोबत घेऊन पुढे जातो.

तिची स्थिती अशी होती. पहिली नोकरी लग्नाआधीची, जानेवारी २०११ ते मार्च २०१३. तेव्हा यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी चालणारा पीएफचा एकच क्रमांक, नव्हताच, पीएफचा फक्त जुना खाते क्रमांक होता आणि ती कंपनी आता बंद झाली आहे. दुसरी नोकरी जून २०१३ ते ऑगस्ट २०१८. तिथे यूएएन मिळाला, पण माहेरच्या नावाने, आणि त्याला आधार कधी जोडलंच नाही. मुलांसाठी चार वर्षं घरी राहून सप्टेंबर २०२२ मध्ये तिसरी नोकरी धरली. तिथे तिने जुना यूएएन सांगितला नाही, म्हणून सासरच्या नावाने दुसरा तयार झाला. याशिवाय पाच बँक खाती होती आणि वडिलांनी २००८ मध्ये काढून दिलेली एक पॉलिसी.

## टप्पा १: यादी करा, अर्ज एकही करू नका

एक वही घ्या किंवा एक्सेलची एक शीट उघडा. प्रत्येक खात्याला एक ओळ द्या आणि त्यात संस्था, क्रमांक, त्या नोंदीतलं नाव जसंच्या तसं, जन्मतारीख, मोबाइल, जोडलेलं बँक खातं आणि वारसाचं नाव लिहा. यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना नावाचा आहे. "सौ." लिहिलंय का, मधलं नाव वडिलांचं आहे की पतीचं, की नुसती आद्याक्षरं आहेत, हे जसं दिसेल तसंच उतरवा. मनाने दुरुस्त करू नका.

आठवत नसलेल्या गोष्टी शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. जुनी सॅलरी स्लिप आणि नेमणूकपत्र यांवर पीएफ क्रमांक असतो. मुंबई-पुण्याकडचा असेल तर तो बहुधा MH किंवा PU ने सुरू होतो, त्यानंतर कार्यालयाचा संकेत, कंपनीचा क्रमांक आणि शेवटी तुमचा क्रमांक. बँकेच्या जुन्या पासबुकात वर्षातून एकदा त्याच तारखेला कापली गेलेली तीच रक्कम दिसली, तर तो बहुधा विम्याचा हप्ता असतो. आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडा. कोणत्या बँकेने किती व्याज दिलं ते तिथे बँकवार दिसतं. मावसबहिणीला पाचवं खातं तिथेच सापडलं.

इशारा: पॅन न जोडलेलं खातं एआयएसमध्ये दिसत नाही. तिथे नाव नाही म्हणून खातंच नाही, असं समजू नका.

## टप्पा २: नाव आणि जन्मतारीख एकसारखी करा

बहुतेक अर्ज इथेच अडतात. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणजे पूर्ण नावाच्या तीन शब्दांपैकी दोन वेगळे होतात. संगणकाच्या लेखी ती दुसरीच व्यक्ती. पुरुषांचंही सुटत नाही. कुठे "दत्तात्रय", कुठे "दत्तात्रेय", कुठे नुसतं "डी."

पुढे कोणतं नाव चालवायचं ते आधी ठरवा. माहेरचं ठेवलं तरी चालतं, फक्त सगळीकडे तेच हवं. ठरलं की पहिल्यांदा आधार, मग पॅन, मग बाकीचं. आधार प्रमाण धरण्याचं कारण असं की पीएफ, बँक आणि विमा, तिघेही शेवटी आधार किंवा पॅनशीच नाव ताडून बघतात. लग्नामुळे बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी केलेली नसेल तर आधी ती करून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच कागद मागतात. त्याच्या पाच-सहा स्वसाक्षांकित प्रती तयार ठेवा.

इशारा: आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत स्पेलिंग चुकवलं तर एक संधी वाया जाते. पावतीवरचं स्पेलिंग केंद्रातून बाहेर पडण्याआधी अक्षर-अक्षर वाचा.

तपासा: आधार आणि पॅन दोन्हींवर नाव एकच आहे, दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत आणि आधारला चालू मोबाइल आहे. यातलं काहीही बाकी असेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा ३: पीएफ

### आधी ठरवा: काढायचं की हलवायचं?

मावसबहिणीच्या पहिल्या खात्यात थोडीच रक्कम होती. "काढून घेते ना, कटकट मिटेल," असं ती म्हणत होती. मी तिला महिने मोजायला लावले.

पहिली नोकरी २७ महिने, दुसरी ६३ आणि तिसरी जानेवारी २०२६ पर्यंत ४१. एकूण १३१ महिने, म्हणजे १० वर्षं ११ महिने. पीएफसोबत जी पेन्शन योजना असते, तिच्यात मासिक पेन्शनचा हक्क १० वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. पहिल्या नोकरीची पेन्शन फॉर्म १०सी भरून काढून घेतली असती तर उरले असते १०४ महिने, म्हणजे ८ वर्षं ८ महिने. हातात चार पैसे आले असते, पण पेन्शनचा हक्क पुन्हा दीड-एक वर्ष लांब गेला असता.

लोक इथे दोन फॉर्म एकच समजतात. फॉर्म १९ पीएफची रक्कम काढण्याचा आहे आणि फॉर्म १०सी पेन्शनचा. सायबर कॅफेवाला दोन्ही एकदम भरून देतो आणि आपण सही करतो. शिवाय पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी पीएफ काढला तर ती रक्कम करपात्र धरली जाते. तेच खातं नव्यात हलवलं तर जुनी सेवाही या पाच वर्षांत मोजली जाते.

आणखी एक भीती काढून टाका. नोकरी सुटली म्हणून खात्यावरचं व्याज थांबत नाही. सभासद ५८ वर्षांचा होईपर्यंत, पंचावन्नच्या आधी नोकरी सोडलेली असली तरी, व्याज जमा होत राहतं. म्हणजे "लवकर काढा, नाहीतर पैसे सडतील" हा सल्ला चुकीचा आहे. घाई व्याजासाठी करायची नसते. जुनी कंपनी आणि तिथला एचआर हाताशी आहे तोवर सह्या मिळवायच्या असतात, त्यासाठी करायची असते.

### चालू यूएएन पक्का करा

सभासद पोर्टलवर चालू नोकरीच्या यूएएनने लॉगिन करा. Manage खाली KYC मध्ये आधार, पॅन आणि बँक तिन्ही मंजूर झालेले दिसले पाहिजेत. बँक खातं असं द्या की जे तुम्ही शेवटपर्यंत ठेवणार आहात. मग View खाली Service History उघडा आणि प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख बघा.

सोडल्याची तारीख रिकामी असणं हा फार जुना आजार आहे. कंपनीने ती भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी Manage खालच्या Mark Exit मधून आपणच भरू शकतो. ज्या महिन्याची वर्गणी शेवटची आली, त्याच महिन्यातली तारीख द्या. आठवणीवर विसंबू नका, पासबुक उघडून बघा. चुकीची तारीख पडली आणि ती पुढच्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढली, तर सेवा एकमेकींवर आलेली दिसते आणि अर्ज अडकतो.

### जुना यूएएन किंवा जुना क्रमांक ओढून आणा

एका आधारला एकच यूएएन जोडता येतो. त्यामुळे मावसबहिणीच्या जुन्या यूएएनला आधार जोडण्याचा खटाटोप व्यर्थ होता. बरेच जण तिथेच आठवडे घालवतात. जुना यूएएन जिवंत करायचा नसतो, त्यातले पैसे आणि सेवा नव्याकडे ओढायची असते.

चालू यूएएनमध्येच Online Services खाली One Member – One EPF Account (Transfer Request) निवडा. वर चालू खात्याचा तपशील आपोआप येतो, खाली जुना यूएएन किंवा जुना सभासद क्रमांक टाकायचा. साक्षांकन कोणाकडून हवं असं विचारलं तर चालू मालक निवडा. बंद पडलेली जुनी कंपनी निवडली तर अर्ज कोणी उघडणारच नाही. जानेवारी २०२५ पासून आधार जोडलेल्या बऱ्याच खात्यांसाठी मालकाची मंजुरीच लागत नाही, पण जुन्या नोंदीत नाव वेगळं असेल तर ही सवलत मिळत नाही.

नाव वेगळं असेल तर आधी ती नोंद दुरुस्त करावी लागते. त्यासाठी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे सभासद आणि मालक दोघांच्या सह्यांचा अर्ज. दुसऱ्या कंपनीत हे सोपं गेलं. विवाह प्रमाणपत्र, पॅन आणि जुनी सॅलरी स्लिप जोडली आणि कंपनीने अर्ज पुढे पाठवला. पहिली कंपनी बंद असल्यामुळे तिचा अर्ज कागदावर करून थेट पीएफ कार्यालयात द्यावा लागला. सोबत नेमणूकपत्राची प्रत होती म्हणून निभावलं. ते पत्र तिच्या आईने लग्नाच्या अल्बमसोबत ठेवलं होतं!

दोन जुनी खाती असतील तर एकेक घ्या, आणि दोन्ही थेट चालू खात्यात आणा. पहिलं दुसऱ्यात आणि दुसरं तिसऱ्यात, अशी साखळी करू नका. मधली एक कडी अडली की मागचं सगळं अडतं.

इशारा: जुन्या कंपनीचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असेल तर पैसे ट्रस्टकडून येतात आणि सोबत अ‍ॅनेक्श्चर के नावाचा तपशील यावा लागतो. सेवेचा कालावधी त्यातच लिहिलेला असतो. पैसे आले तरी तो कागद आल्याशिवाय काम झालं असं मानू नका. त्याची प्रत ट्रस्टकडून मागून घ्या.

तपासा: जुन्या पासबुकात रक्कम बाहेर गेल्याची आणि नव्यात तीच रक्कम आत आल्याची नोंद हवी. कर्मचाऱ्याचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा वेगवेगळे जुळवून बघा. पेन्शनच्या रकान्यात शून्य आलं तर घाबरून तक्रार करू नका. पेन्शनची रक्कम पासबुकातून पासबुकात जात नाही, सेवेचा काळ जोडला जातो. म्हणून Service History मध्ये तिन्ही नोकऱ्या दिसतात की नाही ते बघा. अर्ज महिनाभर हलला नाही तर पीएफच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर अर्जाचा क्रमांक देऊन तक्रार करा.

जाता जाता एक गोष्ट. नव्या नोकरीत "आधी पीएफ नव्हता" असं लिहून दिलं आणि बेसिक १५,००० रुपयांच्या वर असेल, तर मालक तुम्हाला पेन्शन योजनेत घेतच नाही. मावसबहिणीचा बेसिक त्याखाली होता म्हणून ती वाचली. चालू पासबुकात पेन्शनचा रकाना दर महिन्याला शून्य दिसत असेल, तर एचआरशी आजच बोला.

## टप्पा ४: पॉलिसी

पॉलिसी सापडली की पहिला प्रश्न: ती आज कोणत्या अवस्थेत आहे? चालू, बंद पडलेली, पेड-अप म्हणजे हप्ते थांबूनही कमी रकमेने टिकलेली, की मुदत संपून पैसे पडून असलेली? शाखेत जाऊन स्टेटस रिपोर्ट मागा आणि लेखी घ्या. एजंटच्या तोंडी उत्तरावर काही ठरवू नका, कारण तुम्ही नवीन पॉलिसी घेण्यात त्याचा फायदा असतो.

क्रमांक हरवला असेल तर प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमा शोधण्याची सोय असते. एलआयसीच्या पानावर नाव आणि जन्मतारखेवरूनही शोधता येतं. पण तिथे फक्त देय होऊनही न घेतलेले पैसे दिसतात. हप्ते थांबल्यामुळे पेड-अप होऊन पडलेली पॉलिसी तिथे सापडणार नाही. तिच्यासाठी पासबुकातली हप्त्याची नोंदच कामी येते.

मावसबहिणीची पॉलिसी २ लाखांची, २० वर्षांची, वार्षिक हप्त्याची. आठ हप्ते भरून २०१६ मध्ये थांबलेली. अशी जुन्या पद्धतीची पॉलिसी पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते. ती मुदत कधीच गेली होती. पण तीन वर्षांहून जास्त हप्ते भरलेले असल्यामुळे पैसे बुडालेले नव्हते. पेड-अप रक्कम काढण्याचा हिशेब सोपा आहे: विमा रकमेला भरलेल्या हप्त्यांनी गुणा आणि एकूण हप्त्यांनी भागा. २,००,००० गुणिले ८ भागिले २०, म्हणजे ८०,००० रुपये. त्यावर तोवर जमलेला बोनस वेगळा. हे पैसे २०२८ मध्ये मिळणार. तिला सरेंडर करून आत्ताच पैसे हवे होते. शाखेकडून सरेंडरची रक्कम लेखी घेतली, दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि तिने थांबायचं ठरवलं. दहा-बारा वर्षं बाकी असती तर कदाचित उलट ठरलं असतं.

पॉलिसीवर कर्ज काढलेलं आहे का ते विचाराच. कर्ज आणि त्यावर साचत गेलेलं व्याज मिळून सरेंडर किमतीच्या वर गेलं तर कंपनी पॉलिसीच संपवते.

थांबायचं ठरलं तरी आत्ता तीन कामं करून टाका: नावाची दुरुस्ती, पत्ता आणि मोबाइल, आणि नवीन बँक खात्याचं एनईएफटी मॅनडेट, सोबत रद्द केलेला चेक. मनीबॅक पॉलिसीचे चेक जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलेले असतात, तेही याच वेळी विचारून घ्या. विमा कंपनीकडे दहा वर्षांहून जास्त पडून राहिलेले पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. तिथे गेले तरी पुढची २५ वर्षं ते कंपनीमार्फत मागता येतात.

## टप्पा ५: बँक खाती

आता बँक. दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज व्यवहार म्हणून धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२४ पासूनचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. निष्क्रिय बचत खात्यावर व्याज चालूच राहतं, किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि खातं पुन्हा चालू करायला शुल्क नाही. केवायसी कोणत्याही शाखेत देता येतं. "मूळ शाखेतच जा" असं ऐकवलं तर नम्रपणे हा नियम सांगा.

उद्गम पोर्टल, udgam.rbi.org.in, बऱ्याच जणांना माहीत आहे, पण ते चुकीचं वाचलं जातं. तिथे फक्त दहा वर्षांहून जास्त पडून राहून रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेल्या ठेवी दिसतात, आणि त्याही सहभागी बँकांच्याच. चार वर्षं व्यवहार नसलेलं खातं तिथे दिसणार नाही. सहकारी बँकेसाठी थेट शाखा गाठा, आणि पतसंस्था तर या व्यवस्थेत येतच नाही. नोंद सापडली तरी पैसे पोर्टल देत नाही. तिथला संदर्भ क्रमांक घेऊन बँकेत दावा करायचा असतो. नावाचं जुनं स्पेलिंग, माहेरचं नाव, आद्याक्षरं, सगळी रूपं टाकून बघा. टप्पा १ मधला नावाचा रकाना इथे पुन्हा कामी येतो.

बँकेचं नावच गेलं असेल तर घाबरू नका. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, आणि आंध्र व कॉर्पोरेशन युनियन बँकेत. जुनं पासबुक घेऊन नव्या बँकेत जा.

मावसबहिणीने दोन खाती ठेवली: एक पगाराचं आणि एक बचतीचं. उरलेल्या तीनपैकी दोन निष्क्रिय होती. आधी केवायसी देऊन ती चालू केली आणि मग बंद केली. खातं बंद करण्याआधी पुढच्या गोष्टी एकेक करून बघा:

- एसआयपी, विमा हप्ता किंवा कर्जाचा हप्ता तिथून कापला जातो का
- डीमॅट खात्याला आणि आयकर परताव्यासाठी तेच खातं दिलंय का
- गॅसचं अनुदान किंवा सरकारी मदत आधारमार्फत तिथेच येते का
- त्या खात्याशी जोडलेली मुदत ठेव किंवा लॉकर आहे का
- आजवरचं स्टेटमेंट उतरवून घेतलंय का, कारण खातं बंद झाल्यावर नेटबँकिंगही बंद होतं

इशारा: "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो" म्हणून फोन करणाऱ्याला ओटीपी, आधारची प्रत किंवा टक्केवारी देऊ नका. उद्गमवरचा शोध फुकट आहे आणि दावा बँकेच्या काउंटरवरच होतो.

तपासा: बंद केल्याचं पत्र किंवा ईमेल हातात आला का? उरलेला चेक आणि कार्ड शाखेतच फाडून टाका.

## टप्पा ६: वारस

जुन्या खात्यांमध्ये वारस म्हणून बहुतेक वेळा आई किंवा वडील असतात आणि कित्येकदा ते आता हयात नसतात. पीएफला पोर्टलवर ई-नॉमिनेशन आहे, त्यासाठी आधार आणि फोटो लागतो. लग्नाआधी भरलेलं पीएफचं नामांकन लग्नानंतर चालत नाही, नव्याने भरावं लागतं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारस देता येतात, त्यामुळे दोन मुलांपैकी एकाचं नाव निवडायची वेळ येत नाही. पॉलिसीचा वारस त्याच शाखेत बदलून घ्या.

मावसबहिणीच्या शीटमध्ये सुरुवातीला नऊ ओळी होत्या. आता चार आहेत: एक पीएफ, एक पॉलिसी, दोन बँका. पहिल्या कंपनीची रक्कम यायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ती सगळ्यात लहान होती. पण पेन्शनचे ते २७ महिने तिच्यासोबतच आले.